वाफेनंतरचा पेला

गुंजीच्या पावसाची ओळख खानापूर तालुक्यात कुणाला करून द्यावी लागत नाही. आषाढात अंथरूणदेखील ओलसर लागते, आणि न्हाणीतल्या चुलीवरचा हंडा हेच घरचे वैभव ठरते. आमचे भावोजी निवृत्तीनंतर येथे राहावयास आले, तेव्हा त्यांनी न्हाणीच्या कोपऱ्यात वाफेची पेटी बसविली. पंधरा मिनिटे आत बसावे, घामाने निथळून बाहेर यावे आणि गोव्याकडून आलेल्या फेणीचा पेला घ्यावा, असा त्यांचा पावसाळी नेम पडला. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही, हे कबूल करतो.

एका संध्याकाळी दोन पेले झाल्यावर अर्ध्या तासाने ते लघवीसाठी उठले आणि दारातच कोसळले. शुद्ध लगेच आली. कपाळ मात्र फुटले. डॉक्टरांनी त्यांना निजवून रक्तदाब मोजला तो 116/72 भरला, आणि उभे करून मिनिटाभराने मोजला तो 86/58. उभे राहताच वरचा आकडा वीसने उतरला तरी ते दुखणे मानतात. येथे तो तीसने उतरला होता.

त्यांनी उलगडून सांगितले ते असे. वाफेने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, रक्त बाहेरच्या अंगाला धावते, घामावाटे पाणी जाते. दाब टिकविण्यासाठी हृदय जोराने धावू लागते. बाहेर आल्यावर वाहिन्या हळूहळू आकसून सारे मूळपदावर यावयाचे असते. नेमक्या त्याच वेळी दारू त्या आकसू देत नाही, वर लघवी वाढवून आणखी पाणी काढून नेते. माणूस उठला की रक्त पायांत उतरते आणि मेंदूला कमी पडते. भावोजी सकाळी रक्तदाबाची गोळी घेत. तिचाही भार त्यात पडला. हृदय आधीच अधू असेल तर त्याचे ठोके बिघडतात, आणि ते मात्र कपाळाच्या जखमेवर भागत नाही.

जेथे घरोघरी सौना असते त्या फिनलंडमध्ये हा अनुभव जुना आहे. स्नानाच्या वेळी मद्य घेतल्यास रक्तदाब घसरणे, ठोके बिघडणे आणि आकस्मिक मृत्यू यांचा धोका वाढतो, असे तेथील अनुभवाचा आढावा घेणाऱ्या 2001 सालच्या एका वैद्यकीय लेखात स्पष्ट म्हटले आहे. आपल्या चरकसंहितेनेही सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात नित्य मद्य घेणाऱ्यास स्वेदनास अयोग्य ठरविले आहे. वैद्यांना रक्तदाबाचे यंत्र ठाऊक नव्हते. पडणारी माणसे मात्र त्यांनी पाहिली असावीत.

"मग किती वेळाने घ्यावी?" भावोजींनी विचारलेच. डॉक्टर म्हणाले, "तास मोजू नका. वाफ घ्याल त्या दिवशी पेला नको, आणि पेला घ्याल त्या दिवशी वाफ नको. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच आडवे व्हा, पाय उंच ठेवा. छातीत दुखले, धाप लागली किंवा नाडी अडखळली, तर घरी थांबू नका."

पेटी अजून आहे. तिच्याजवळ आता पाण्याचा तांब्या असतो, आणि फेणीची बाटली ताईने माळ्यावर नेऊन ठेवली आहे. शिडी मात्र तिने आमच्या घरी पाठविली.