तक्त्यातला आकडा कुणाचा?

१९६१च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका ज्यांनी चाळल्या असतील, त्यांना त्यातला गावनिहाय तक्ता आठवत असेल. एका गावाला एक ओळ. ती डाव्या पानावर सुरू होते आणि उजव्या पानाच्या टोकाला संपते. त्या जनगणनेत काम करणाऱ्यांचे नऊ वर्ग केले होते. पहिला शेतकऱ्यांचा, दुसरा शेतमजुरांचा, तिसऱ्यात खाणी, पशुपालन, जंगल, मासेमारी असं सगळं एकत्र, चौथा घरगुती उद्योगांचा, मग इतर कारखानदारी, बांधकाम, व्यापार, वाहतूक आणि शेवटी इतर सेवा. काम न करणारे दहाव्या वर्गात. प्रत्येक वर्गाखाली पुरुष आणि स्त्रिया असे दोन रकाने, आणि पहिल्या नऊ वर्गांवर पसरलेला ‘काम करणारे’ हा एकच लांब मथळा.

एका तालुक्यातल्या गावांचे धंदे मला तपासायचे होते. ग्रंथालयात मोबाईलवर पानांचे फोटो काढले, संगणकाकडून अक्षरं वाचून घेतली आणि तक्ता स्प्रेडशीटमध्ये उतरवला. आकडे बहुतेक बरोबर वाचले गेले होते. पण ते कुणाचे, हे ठरवणं हेच खरं काम निघालं.

लांब मथळा छापताना तो आपल्या पट्ट्याच्या मधोमध छापतात. संगणकाला तो मधल्या एखाद्या रकान्यावर दिसतो आणि बाजूचे रकाने बिनमथळ्याचे वाटतात. मथळा डावीकडून उजवीकडे भरत नेला, तर त्याच्या डावीकडच्या रकान्यांना आधीच्या मथळ्याचं नाव चिकटतं. म्हणजे शेतकरी पुरुष ‘साक्षर’मध्ये जाऊन बसतात. म्हणून मथळ्याची हद्द अक्षरांवरून ठरवायची नाही, रेघांवरून ठरवायची. मथळ्याच्या दोन्ही अंगाच्या उभ्या रेघा कुठून कुठवर आहेत ते पाहायचं, आणि त्या दोन रेघांमध्ये खाली जेवढे रकाने येतात तेवढे सगळे त्याचे.

पण पुस्तकाच्या शिवणीजवळ पान वाकतं, रेघाही वाकतात, आणि मोबाईलच्या फोटोत तर काही ठिकाणी दिसतही नाहीत. अशा वेळी मथळ्यांच्या खाली, आकड्यांच्या वर छापलेली एक बारीक ओळ कामाला येते: १, २, ३, ४ अशी रकान्यांच्या क्रमांकांची. आपल्या सरकारी तक्त्यांत ही ओळ बहुधा असते आणि वाचणारे तिच्याकडे बघतही नाहीत. माझ्या मते तक्त्यातली सगळ्यांत मोलाची ओळ हीच. तिच्यात जोडलेला चौकोन नसतो, एका रकान्याला एकच क्रमांक असतो आणि उजव्या पानावर तो पुढे चालू राहतो. मी आधी या क्रमांकांची यादी केली आणि प्रत्येकापुढे वरपासून खालपर्यंतचं पूर्ण नाव लिहिलं: ‘काम करणारे, चौथा वर्ग, घरगुती उद्योग, स्त्रिया’. यादी पुरी झाल्यावर जोडलेल्या मथळ्यांचा प्रश्नच उरला नाही. स्प्रेडशीटमध्ये मथळ्याचा एकही चौकोन जोडलेला ठेवला नाही. एका रकान्याला एक नाव, एकाच ओळीत.

पुढचा घोळ रिकाम्या जागांचा. माझ्या पानांवर शून्याच्या जागी कुठे दोन टिंबं होती, कुठे छोटी रेघ. संगणक ती गाळतो आणि पुढचे आकडे डावीकडे सरकतात. एका गावाच्या ओळीत काम करणारे पुरुष १८७ आणि स्त्रिया १४३ होत्या. त्यापुढे आकडे आले ते असे: १२१, ८८, ३४, ४९, १२, ६, २, ५, १३, १२५, १६१. डावीकडून भरत गेलं, तर पहिले दोन वर्ग ठीक बसतात. तिसऱ्यात, म्हणजे खाणी-मासेमारीत, १२ पुरुष आणि ६ स्त्रिया येतात. पाचव्या वर्गात, म्हणजे कारखान्यात, १३ पुरुष आणि १२५ स्त्रिया! त्या काळच्या कोरडवाहू खेड्यात सव्वाशे बायका कारखान्यात जात होत्या हे कुणालाही पटणार नाही.

पुन्हा फोटो मोठा करून पाहिला. तिसऱ्या वर्गाखाली दोन्हीकडे टिंबं होती. १२ आणि ६ चौथ्या वर्गातले, म्हणजे घरगुती उद्योगातले. २ बांधकामावरचे, ५ व्यापारातले, १३ इतर सेवांतले, हे तिन्ही पुरुषांचे आकडे. १२५ आणि १६१ हे काम न करणारे पुरुष आणि स्त्रिया. आता बेरीज जुळते: १२१, ३४, १२, २, ५, १३ मिळून १८७, ८८, ४९ आणि ६ मिळून १४३. गावातले एकूण पुरुष ३१२, त्यातून १८७ गेले की १२५ उरतात, तेही बरोबर.

आकड्याची जागा ठरवताना त्याची उजवी कड पाहावी. तक्त्यात आकडे उजवीकडे टेकवून छापतात, त्यामुळे ५ आणि १२१ एकाच रकान्यात असले तरी त्यांचे मध्य एका रेषेत येत नाहीत. उजव्या कडा मात्र जवळजवळ एका रेषेत येतात.

मग ही बेरीज प्रत्येक ओळीला लावली. तिसऱ्या ओळीत ‘पु’ आणि ‘स्त्री’ लिहून ठेवलं होतं, काम करणारे एकूण पुरुष K मध्ये होते आणि नऊ वर्गांचे अठरा रकाने M पासून AD पर्यंत:

```
=SUMIF($M$3:$AD$3,"पु",M5:AD5)-K5
```

उत्तर शून्य आलं नाही की फोटो उघडायचा. या तपासणीला एक मर्यादा आहे. चौथ्या वर्गाचे १२ तिसऱ्यात गेले आणि बाकीचे आपापल्या जागी राहिले, तर आडवी बेरीज तरीही जुळते. म्हणून प्रत्येक रकान्याची उभी बेरीज तालुक्याच्या छापील बेरजेशी ताडून पाहावी लागते. दोन्ही जुळल्या तरच आकडा आपल्या घरी पोचला असं मी धरतो.

तालुकावार गोषवाऱ्यात वेगळीच गंमत होती. एका तालुक्याच्या एकूण, ग्रामीण, नागरी अशा तीन ओळी, आणि तालुक्याचं नाव तिन्हींच्या मधोमध, म्हणजे ‘ग्रामीण’च्या शेजारी. नावं वरून खाली भरत नेली, तर प्रत्येक तालुक्याची ‘एकूण’ ओळ आधीच्या तालुक्याच्या नावावर जाते. इथेही आडव्या रेघांवरून गट ठरवला आणि नाव तिन्ही ओळींत लिहिलं.

मात्र नाव असं उतरवता येतं, आकडा नाही. दुसऱ्या एका तक्त्यात दोन वाड्यांना महिरपी कंसात घेऊन दोघींचा मिळून एकच आकडा दिला होता. मदतीला आलेल्या मुलीने विचारलं, “सर, दोन्हीकडे लिहू?” दोन्हीकडे लिहिला तर बेरजेत तो दुप्पट होतो, निम्मा-निम्मा केला तर पुस्तकात नसलेली माहिती आपण तयार करतो. “पहिल्या वाडीपुढे लिही, दुसरीची जागा रिकामी ठेव आणि शेवटच्या रकान्यात ‘दोन्ही मिळून’ असा शेरा लिही,” असं तिला सांगितलं.

फोटो काढणाऱ्यांना एवढीच विनंती: पान चौकटीत घेताना रकान्यांच्या क्रमांकांची ओळ कापू नका, आणि डाव्या-उजव्या पानांचे फोटो वेगळे काढले तर दोन्हींत ती येऊ द्या. आकडे अस्पष्ट आले तर बेरजेवरून शोधता येतात. ती ओळ गेली तर पुन्हा ग्रंथालयात जावं लागतं.