वाढदिवसाचा आहेर पोस्टात

आमच्या लाइनवरच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. भोसरीत, लांडेवाडीला त्याचं वन बीएचके. निमंत्रणाच्या मेसेजमध्येच लिहिलं होतं, ‘कृपया प्लॅस्टिकची खेळणी आणू नयेत, घरात जागा नाही.’ फ्रॉक नेला तर तो दोन-तीन महिन्यांत आखूड होणार. मग आम्ही लाइनवर वर्गणी काढली आणि सुकन्या समृद्धीत पैसे भरायचं ठरवलं.

हे खातं आपण परस्पर काढू शकत नाही. आई-वडील किंवा कायदेशीर पालकच ते उघडतात. म्हणून आधी त्याला विचारलं. तो म्हणाला, “दादा, खातं काढायचं राहूनच गेलंय बघा. पैसे राहू द्या, तुम्ही फक्त सोबत चला.”

शनिवारी पोस्टात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी जन्मदाखला हातात घेतला आणि नावाच्या रकान्यावर बोट ठेवलं. रकाना कोरा. बाळ जन्मलं तेव्हा हॉस्पिटलने नोंद पाठवली, बारसं नंतर झालं आणि नाव कळवायचं राहिलं. आमच्याकडे असं बऱ्याच घरांत होतं. दाखला फाइलमध्ये जातो, पुन्हा कोणी उघडून बघत नाही.

नशिबाने वर्ष पुरं व्हायला थोडे दिवस होते. जन्मनोंदणीनंतर बारा महिन्यांच्या आत नाव फुकट चढवता येतं. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत चढतं, पण विलंब शुल्क भरून. तो आणि वहिनी आधार कार्डं घेऊन जिथे जन्माची नोंद झाली होती त्या कार्यालयात गेले. अर्जात नावाचं स्पेलिंग वहिनींनी दोनदा तपासलं, कारण एकदा चढलेलं नाव बदलणं फार जिकिरीचं. नवा दाखला आल्यावर खातं उघडलं.

आमच्या वर्गणीचे २,१०१ रुपये झाले होते. वरचा एक रुपया पोस्टाने घेतला नाही. किमान २५० आणि पुढे पन्नासच्या पटीतच रक्कम भरता येते. तो रुपया आजीने पाकिटात घालून नातीच्या हातात दिला. तिने तो लगेच तोंडात घातला, आणि आमची एकच पळापळ झाली!

एक गोष्ट मात्र आई-बापाला आधीच सांगा. एप्रिल ते मार्च या वर्षात किमान २५० रुपये भरावेच लागतात, आणि तेही पंधरा वर्षं. चुकलं तर त्या प्रत्येक वर्षामागे ५० रुपये दंड. पैसेही मधेच निघत नाहीत. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतात. ज्यांना हे ओझं वाटेल, त्यांना सरळ पाकीट द्यावं.

मुलगा असेल तर ही योजना नाही. त्याच्या नावाने पीपीएफ निघतं.

तुमच्या घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल, तर आज फाइल काढा आणि जन्मदाखल्यावर नाव आहे का ते बघा.