भाचीचा कोट

आमच्या धाराशिवात वकील सोडले, तर माणसाच्या अंगाला कोट फार तर दोनदा लागतो. एकदा स्वतःच्या लग्नात आणि एकदा मुलाच्या. तेव्हा २०२४ च्या दिवाळीनंतर मी आमच्या नेहमीच्या टेलरमास्तरांकडे जाऊन "कोट हवा आहे" असे म्हटले, तेव्हा त्यांनी खांद्यावरची टेप काढीत माझे अभिनंदनच केले. कोट माझ्यासाठी नसून भाचीसाठी आहे, तो लग्नाचा नसून थंडीचा आहे, आणि ती थंडी शून्याखाली तीस अंशांची आहे, हे कळल्यावर मास्तरांनी टेप पुन्हा खांद्यावर टाकली. "सर, हे आपलं काम नव्हे," ते म्हणाले. पुढच्या दीड महिन्यात जी जी माणसे मला भेटली, त्यांच्यात हे वाक्य प्रामाणिकपणे उच्चारणारा हा एकच गृहस्थ निघाला.

भाचीला कॅनडातल्या विनिपेग शहरी प्रवेश मिळाला होता. सप्टेंबरच्या सत्राचा मिळाला असता, तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती. सप्टेंबरात तिथे साध्या स्वेटरवर भागते, आणि थंडी वाढेपर्यंत तिथल्याच दुकानात, तिथल्याच माणसांना विचारून कोट घेता येतो. शहाण्या माणसांनी तसेच करावे. पण आमचे सत्र जानेवारीचे. डिसेंबरच्या अखेरीस विमानातून उतरायचे आणि तिथेच त्या थंडीच्या तोंडी जायचे. विनिपेगला जानेवारीतल्या रात्री सरासरी शून्याखाली वीस अंशांपर्यंत जातात. वारा सुटला की तीच थंडी अंगाला तीस-पस्तिसाची लागते, आणि तशा थंडीत उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. आमच्याकडे पहाटे दहा-बारा अंशांवर पारा आला, की लोक कानाला मफलर बांधून शेकोटीभोवती राजकारण बोलतात. ह्या दोन थंड्यांना एकच शब्द वापरणे हा भाषेवरचा अन्याय आहे, असे मराठीचा अध्यापक म्हणून माझे मत झाले आहे.

ह्याच नात्याने मला आनंदीबाई जोश्यांची आठवण होणेही अपरिहार्य होते. १८८३ साली ती अठरा वर्षांची मुलगी फिलाडेल्फियाला वैद्यक शिकायला गेली. १८८६ साली डॉक्टर झाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने वारली. ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. ताईसमोर मात्र ती न सांगण्याची खबरदारी घेतली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, तुळजापूरला असते. मेहुणे गेल्यापासून शिवणकामावर तिने पोरीला शिकवले. बँकेचे कर्ज फीपुरते होते, कोटासाठी तिने स्वतः बाजूला टाकलेले नऊ हजार रुपये माझ्या हाती दिले आणि म्हणाली, "चांगला घे. पोरगी गारठता कामा नये." अशा पैशांनी खरेदी करताना माणसाची अक्कल वाढत नाही, उलट लवकर काहीतरी घेऊन मोकळे व्हावेसे वाटते.

आम्ही सोलापूर गाठले. दुकानदाराने फुगीर, चकचकीत, आडव्या पट्ट्यांचा एक निळा कोट काढला. त्यावरच्या चिठ्ठीवर 'उणे वीस' असे छापले होते. "साहेब, लोक मनालीला हाच नेतात." पिसांचाही एक होता, पण ताईने फोनवर "कशाची पिसं?" असे विचारले, आणि बदकाची हे कळताच त्या विषयावर पडदा पडला. शेवटी कृत्रिम धाग्याचे भरण असलेला तो निळा कोट आम्ही घेतला. तो भाचीच्या अंगावर असा चपखल बसला की शेजारच्या गिऱ्हाईक बाईंनीही मान डोलावली. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, ही पाटी मी बाहेर पडताना वाचली.

घरी आल्यावर हा कोट उणे वीसला टिकतो की नाही, ते पाहायचे कसे, असा प्रश्न पडला. आमच्या घरात सगळ्यात थंड जागा म्हणजे माठाखालची. पण माझा एक जुना विद्यार्थी बेदाण्याच्या शीतगृहात हिशेबनीस आहे. त्याने एका रविवारी आम्हांला आत घेतले. आत चार-पाच अंश तापमान, पेट्यांच्या थप्प्या आणि वर गार वारा सोडणारे मोठाले पंखे. भाचीने कोट चढवला आणि ती उभी राहिली. पाच मिनिटे झाली, दहा झाली. ती हसत होती. मी तिला पंख्याच्या झोतात उभे राहायला सांगितले. तीन-चार मिनिटांतच तिने हात पोटाशी घेतले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मामा, पट्ट्यांच्या शिवणीतून आत येतं. साखळीतूनपण." मग जरा थांबून, "आईला सांगू नका हं."

त्या रात्री मी तो कोट दिव्यासमोर धरला, आणि ताईच्या शिवणकामाच्या शेजारी लहानपण घालवूनही जे कधी ध्यानात आले नव्हते, ते ध्यानात आले. कोट स्वतः काही गरम नसतो. ऊब आपल्याच अंगाची. भरणात अडकून पडलेली स्थिर हवा ती बाहेर जाऊ देत नाही. म्हणून भरण जितके फुगलेले, तितकी ऊब जास्त. आता ह्या कोटात प्रत्येक आडव्या शिवणीपाशी वरचे कापड आणि अस्तर एकमेकांना थेट टाचले होते. तिथे भरण शून्य, म्हणजे अंगाभोवती गारठ्याच्या आठ-दहा रेघाच आखलेल्या. कडक थंडीच्या कोटात वरच्या शिवणी अस्तरापर्यंत येत नाहीत. आत हात घालून चाचपले की सलग जाडी लागते. दुसरी गोष्ट साखळीची. तिच्यावर झाकणारी कापडी पट्टी नव्हती, त्यामुळे वाऱ्याला गळ्यापासून कमरेपर्यंत वाट मोकळी होती. तिसरी परीक्षा तर मुलेही करतील: कापडाला तोंड लावून जोराने फुंकर मारायची आणि पलीकडे हात धरायचा. माझी फुंकर आरपार गेली.

आणि तो जो चपखल बसला होता ना, तो सगळ्यात मोठा दोष होता! कोट स्वेटरावर घालायचा असतो. आत जाड लोकरीचा स्वेटर घातल्यावर भाचीला हात वर करता येईना. वर केला की मनगट चार बोटे उघडे पडे, आणि छातीवरचे भरण दाबले जाऊन त्यातली हवाच निघून जाई. लांबी कमरेपर्यंत, म्हणजे बसची वाट पाहताना मांड्या वाऱ्यावर. हातमोज्यांत साखळी लावता येते का, हे पाहायला मी तिच्या हातांत माझे लोकरी पायमोजे चढवले. साखळीचा लोळा इतका बारीक की तो तिला सापडेचना. हे सगळे दुकानात पंधरा मिनिटांत तपासून होण्यासारखे होते. आम्ही आरशात पाहण्यात ती पंधरा मिनिटे घालवली.

नवा कोट घ्यायला पैसे नव्हते, आणि ताईला सांगायचे नव्हते. मी दोन दिवस गप्प होतो. तिसऱ्या दिवशी आमच्या आण्णांनीच विषय काढला. वय वर्षे ब्याऐंशी. शेतीत हयात गेली. त्यांचे म्हणणे, पोरीला घोंगडे द्यावे. मी हसलो, तसे ते चिडले. "हसतो काय? थंडीत रातच्याला पाणी द्यायला जायचो तवा अंगावर गोधडी असायची, पण वारं सुटलं की गोधडीतनं पार व्हायचं. मग वरनं पोतं घ्यायचं. पोत्याला ऊब नसती रं, पर ते वारं अडवतं. ऊब आत, पोतं वर!"

शीतगृहातल्या पंख्याचे उत्तर ह्या एका वाक्यात होते. खुंटीवर माझा पावसाळी रेनकोट लटकत होता. दोन मापे मोठा, टोपीसकट, गुडघ्यापर्यंत, साखळीवर पट्टी असलेला. स्वेटर, त्यावर निळा कोट, त्यावर रेनकोट. पुढच्या रविवारी पुन्हा शीतगृह. ह्या खेपेस भाची पंख्यासमोर वीस मिनिटे उभी राहिली आणि कंटाळून बाहेर आली.

अर्थात चार अंश म्हणजे उणे तीस नव्हे, आणि रेनकोटातून घामाची वाफ बाहेर पडत नाही. तो घालून तासभर चालले तर आतले कपडे ओलसर होणार, आणि ओल्या भरणात ऊब राहत नाही. म्हणून हा बेत फक्त विमानतळापासून दुकानापर्यंतचा ठरला. उरलेल्या पैशांतून, म्हणजे खरे तर माझ्या पगारातून, अंगालगतचे पातळ गरम कपड्यांचे दोन जोड, लोकरीचे पायमोजे आणि कानटोपी घेतली. सुती बनियन आणि जीन्स थंडीसाठी म्हणून घ्यायची नाही, हे तिला बजावले. सूत घाम धरून ठेवते आणि वाळत नाही.

ती २८ डिसेंबरला पोहोचली. नाताळानंतरच्या त्या आठवड्यात तिथे गरम कपडे सवलतीत निघतात. दुसऱ्याच दिवशी वसतिगृहातल्या एका पंजाबी मुलीला घेऊन ती दुकानात गेली आणि फोनवर मला एकेक कोट दाखवू लागली. मी तुळजापूरला ताईच्या ओट्यावर बसून विचारत होतो: "आत हात घाल. शिवण लागते? फुंकर मार. हातमोजे घालून साखळी लाव. दोन्ही हात वर कर. आता खाली बस." दुकानातल्या बाईंना हा प्रकार काय वाटला असेल कोण जाणे! शेवटी गुडघ्यापर्यंतचा, खोल टोपीचा, मनगटाशी आतून विणलेली पट्टी असलेला, स्वेटरावर सैल बसणारा काळा कोट ठरला. भरण पुन्हा कृत्रिमच. किंमत दीडशे डॉलर, वर कर वेगळा. मी मनात रुपयांत हिशेब केला. नऊ हजारांच्या थोडे वर.

तो आकडा ताईने ऐकला. ती काही बोलली नाही. हातातल्या ब्लाउजची हुक-पट्टी पुरी करून तिने दोरा तोडला आणि मला विचारले, "मग आपला निळा?"

"तो आतून घालते, मामींनी विणलेल्या स्वेटरासारखा," असे भाचीनेच परस्पर सांगून टाकले. पोरीला मी मराठी शिकवलेले नाही, पण उपमा तिला वेळेवर सुचतात. पुढे फेब्रुवारीत कळले की खरेच तसे होते. अतिथंडीच्या दिवशी ती निळा कोट काळ्याच्या आत घालते. नवा सैल घेतल्यामुळे तो आत मावतो. वर्गात उकडते म्हणून दोन्ही काढून खुंटीला लावते.

शीतगृहाची गोष्ट ताईला मी मार्चमध्ये सांगितली. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "आणला त्याच दिवशी उलटा करून शिवणी बघितल्या होत्या मी. पण तुम्ही दोघं इतक्या हौसेनं घेऊन आला होता."

रेनकोट तिकडेच राहिला. जूनमध्ये मृगाचा पहिला पाऊस आला, तेव्हा मी छत्री घेऊन कॉलेजला गेलो. वारा जोराचा होता, आणि छत्री फाटकापाशीच उलटी झाली.