अंगठ्याखालचं पाणी

फोटो ही एके काळी समारंभाची गोष्ट होती. आमच्या घराण्याचे जे तीन जुने फोटो भिंतीवर आहेत, त्यांत सगळी मंडळी अशी ताठ उभी आहेत की समोर कॅमेरा नसून फौजदार असावा. आता फोटो कशाचाही निघतो. वीजबिलाचा निघतो, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा निघतो, दुखऱ्या दाढेचाही निघतो. तरीसुद्धा एखाद्या रासायनिक समीकरणाचा फोटो निघेल आणि तो शिरूर कासारसारख्या गावात माझ्या ओट्यावर निदानासाठी येईल, असं भविष्य कुणी वर्तवलं असतं तर मी त्या ज्योतिषाला दक्षिणा दिली नसती.

निवृत्त विज्ञान शिक्षक म्हणजे गावातला पाणवठा. कुणीही केव्हाही यावं आणि घागर भरून न्यावी. शेजारच्या आजींची नात अशीच एका संध्याकाळी आली. दहावीत आहे. दसरा झाला की तिचे आईवडील ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. मधले महिने घरात आजी, नात, एक शेळी आणि वडिलांनी ठेवून गेलेला जुना मोबाइल. विज्ञानाचं पुस्तक चुलतभावाकडून आलेलं. ‘कार्बनी संयुगे’ या प्रकरणातली दोन पानं त्यात नव्हती. चुलतभाऊ अभ्यासात फारसा नव्हता, तेव्हा ती त्याने पाठ करून खाल्ली असतील असं म्हणवत नाही. म्हणून मैत्रिणीने आपल्या पुस्तकातल्या पानाचा फोटो काढून पाठवला होता.

“आबा, मला हे काहीच कळंना. सर म्हणले पाठ कर. पण पाठ तरी काय करू? ह्यो कार्बन पाच हाताचा हाय.”

फोटो पाहिला. तो तिरपा होता, वर पिवळ्या दिव्याची सावली होती आणि उजव्या कोपऱ्यात मैत्रिणीचा अंगठा होता, तोही चांगला खात्यापित्या घरचा. डावीकडे अॅसिटिक आम्लाची रचना काढलेली. पुस्तकी भाषेत इथॅनॉइक आम्ल. लोणच्यात घालतो त्या व्हिनेगरमधलं हेच. दोन कार्बन शेजारी शेजारी. पहिल्याला तीन हायड्रोजन लटकलेले. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन रेघांनी जोडलेला ऑक्सिजन आणि बाजूला एका रेघेने ओएच. पण या दुसऱ्या कार्बनमधून आणखी एक रेघ निघून तिरपी वर गेली होती, ती थेट कोपऱ्यापर्यंत.

“मोज बरं,” मी म्हटलं.

“शेजारच्या कार्बनला एक, वरच्या ऑक्सिजनला दोन, तीन झाले. ओएचला चौथा. अन् ही पाचवी.”

“कार्बनला पाच रेघा असतात का?”

“न्हाई. चारच म्हणले होते.”

“मग ही पाचवी पुस्तकाची नाही. बोटाने चित्र जरा सरकव.”

तिने चित्र सरकवलं. सगळा रेणू डावीकडे गेला आणि पाचवी रेघ मात्र जागच्या जागी राहिली. ती मोबाइलच्या काचेला गेलेली चीर होती! पोरगी खुदकन हसली. मी मनातल्या मनात त्या चिरेला नमस्कार केला. धडधाकट काचेवर तिने रेघा मोजल्याच नसत्या.

आता ‘चारच का’ हा प्रश्न आला. मी पुस्तकी उत्तर दिलं. कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात, त्याला आठ हवे असतात. म्हणून तो आपला एक आणि शेजाऱ्याचा एक अशी जोडी करून दोघांत सामाईक ठेवतो. अशा चार जोड्या केल्या की आठ झाले. कागदावर प्रत्येक जोडीसाठी एक रेघ. हायड्रोजनला एकच जोडी पुरते, ऑक्सिजनला दोन लागतात.

ती माझ्याकडे बघत राहिली. ही नजर मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलेली आहे. मास्तर बोलतात ते खरं असणार, पण आपल्यासाठी नसणार, असा तिचा अर्थ. मग तीच हळू आवाजात म्हणाली, “रेघ एक, पण त्यात दोघं?”

“हो.”

“एक हिकडचा, एक तिकडचा?”

“हो.”

“मंग कोयता म्हणा की!”

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. मुकादमाच्या वहीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. सहसंयुज बंध समजावण्यासाठी मी आजवर हस्तांदोलनापासून दोघांत एक घोंगडी पांघरण्यापर्यंत सगळं वापरलं होतं, पण इतकं नेमकं काही सापडलं नव्हतं. त्यानंतर काम सोपं झालं. कार्बनचे चार कोयते, ऑक्सिजनचे दोन, हायड्रोजनचा एक. वरच्या ऑक्सिजनला दोन रेघा म्हणजे त्याचे दोन्ही कोयते एकाच शेजाऱ्याकडे लागले. स्थिर रेणूत अर्धा कोयता सहसा राहत नाही, तो जोडीदार शोधतोच. तिने उरलेलं चित्र स्वतः तपासलं. प्रत्येक अक्षराशी थांबून रेघा मोजल्या. सगळा हिशोब जुळला.

मग समीकरण. आम्लाच्या शेजारी अधिकचं चिन्ह, मग इथॅनॉल म्हणजे अल्कोहोल, मग बाण, बाणाच्या पलीकडे एस्टर आणि त्याच्यापुढे पुन्हा अधिकचं चिन्ह. त्या चिन्हाच्या पुढे अंगठा.

CH₃COOH + C₂H₅OH → CH₃COOC₂H₅ + (अंगठा)

“दुसरा फोटो मागवते,” ती म्हणाली.

“मागवू नकोस. अंगठ्याखाली काय आहे ते आपणच काढू.”

आजींनी सुपात धान्य पाखडायला घेतलं होतं. त्यांच्याकडून मूठभर ज्वारी आणि थोडे हरभरे घेतले, चिंचोके माझ्याकडे होतेच. चिंचोका कार्बन, हरभरा ऑक्सिजन, ज्वारी हायड्रोजन. आम्लासाठी दोन चिंचोके, चार ज्वारी, दोन हरभरे. अल्कोहोलसाठी दोन चिंचोके, सहा ज्वारी, एक हरभरा. इथे तिला एक शंका आली. बाणाच्या डोक्यावर सल्फ्युरिक आम्ल लिहिलेलं होतं. “ह्येचे बी दाणे घ्यायचे का?”

घ्यायचे नाहीत. तो उत्प्रेरक. सोयरीक जमवणारा गृहस्थ दोन घरं जोडून देतो, पण लग्नानंतर त्याचं नाव कुणाच्याच रेशनकार्डावर चढत नाही. उत्प्रेरक क्रियेत भाग घेतो, तिचा वेग वाढवतो आणि शेवटी होता तसा बाहेर पडतो. म्हणून त्याची जागा बाणाच्या वर, हिशोबाच्या बाहेर.

सतरंजीवर एकूण चार चिंचोके, दहा ज्वारी आणि तीन हरभरे झाले. आता त्यांतूनच पलीकडचा एस्टर मांडायचा. चार चिंचोके गेले, आठ ज्वारी गेल्या, दोन हरभरे गेले. तेवढ्यात एक कोंबडी येऊन एक हायड्रोजन टिपून गेली आणि वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम काही क्षण धोक्यात आला. आजींनी सुपातून भरपाई दिली. शेवटी सतरंजीवर दोन ज्वारी आणि एक हरभरा उरला.

“हे दाणे वेगवेगळे राहतील का?” मी विचारलं.

तिने विचार केला. “हरभऱ्याला दोन कोयते लागतात. ज्वारीला एकेक. म्हंजे दोन्ही ज्वारी ह्याच्याच.” तिने त्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि एकदम म्हणाली, “पाणी!”

रात्री मैत्रिणीने अंगठ्याविना फोटो पाठवला. त्यात H₂O होतं. पण तोवर त्या फोटोचं महत्त्व संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, या वेळी भांडायला. “आबा, ओएच तर दोघांकडं हाय. आम्लाकडं बी अन् अल्कोहोलकडं बी. पाण्यात गेला तो कुणाचा?”

प्रश्न सोन्याचा होता आणि आमच्या चिंचोक्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. आम्लाने ओएच दिला आणि अल्कोहोलने एच, किंवा उलट, दोन्ही तऱ्हांनी दाणे तेवढेच उरतात. नुसतं मोजून हे कळत नाही, त्यासाठी हरभऱ्याला खूण करावी लागते. तशी खूण अमेरिकेत रॉबर्ट्स आणि युरी या दोघांनी 1938 मध्ये केली. आम्ल आणि अल्कोहोल आपल्या पुस्तकातलं नव्हतं, बेन्झॉइक आम्ल आणि मिथॅनॉल होतं, पण क्रिया याच कुळातली. त्यांनी अल्कोहोलमध्ये नेहमीपेक्षा जड असा ऑक्सिजन घातला, वजन सोळाऐवजी अठरा. मग क्रिया झाल्यावर जड ऑक्सिजन कुठे गेला ते पाहिलं. तो पाण्यात आला नाही. म्हणजे तो एस्टरमध्येच राहिला आणि पाण्यातला ऑक्सिजन आम्लाचा ठरला. अल्कोहोलने फक्त हायड्रोजन सोडला. मी एका हरभऱ्याला हळदीचं बोट लावून हे करून दाखवलं. पिवळा हरभरा एस्टरमध्ये बसला. तिने पुस्तकी रचनेत आम्लाच्या ओएचभोवती आणि अल्कोहोलच्या एचभोवती पेन्सिलने एकच गोल काढला. परीक्षेत हाच गोल काढायचा असतो. तो कुणाभोवती काढायचा हे एकदा कळलं की पाठ करायला फारसं काही उरत नाही.

“पण हे अल्कोहोल येतं कुठून?” हा तिचा शेवटचा प्रश्न. मी सांगितलं, कारखान्यात साखर काढून झाली की मळी उरते. तिच्यातली उरलीसुरली साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल तयार होतं. त्या अल्कोहोलवर पुढे काही जिवाणूंनी हवेत काम केलं की अॅसिटिक आम्ल होतं. उसाच्या रसाचा सिरका होतो तो असाच. म्हणजे बाणाच्या डावीकडची दोन्ही मंडळी उसाच्या फडातून येऊ शकतात.

त्या रात्री फडावरून तिच्या आईचा फोन आला तेव्हा मी ओट्यावरच होतो. पोरगी सांगत होती, “आई, तुमचा ऊस आमच्या पुस्तकात हाय. अन् कोयते बी हायती. चार, दोन अन् एक.”

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग आई म्हणाली, “मंग नीट मोज बाई. आमचे कुणी नीट मोजत न्हाई.”

पोरीने फोन ठेवला, काचेवरच्या चिरेवरून एकदा बोट फिरवलं आणि पुढचं समीकरण काढून मोजायला बसली.