मुदतवाढीचं पत्र

आमच्या पुतणीला डेंग्यू झाला आणि टर्म पेपरची तारीख येऊन ठेपली चार दिवसांवर. सरांना धाडायच्या पत्राचा मसुदा तिने मला दाखवला. दीड पान नुसती प्लेटलेट्सची चढउतार! शेवटी एक ओळ : 'पेपर लवकरात लवकर देईन.' आता हे 'लवकरात लवकर' कुठल्या कॅलेंडरात असतं? सरांना गुणांची यादी ऑफिसात द्यायची असते. त्यांना प्लेटलेट्स नकोत, तारीख हवी.

मग हिशेबाला बसलो. तापात सहा दिवस बुडाले. अशक्तपणा आणखी चार दिवस खाणार. म्हणजे चौदाऐवजी चोवीस.

"काका, वीस लिहू? बरं दिसेल."

दिसेल खरं, पण वीसला दुसरं पत्र लिहावं लागेल. आणि दुसऱ्या पत्राला डॉक्टरांचा दाखलासुद्धा तारत नाही.

पत्र पाच ओळींत उरकलं : पेपरचा विषय, मूळ तारीख, आजार एका वाक्यात, सोबत दाखला, तीनपैकी दोन प्रकरणं तयार, तिसऱ्यासह सगळं चोवीसला.

"दोन तयार आहेत ना गं?"

"जवळजवळ."

सरांचं उत्तर संध्याकाळीच आलं. 'चोवीस चालेल. तयार असलेली दोन प्रकरणं आज पाठव.'

पुतणीला पुन्हा कणकण वाटू लागली.