विषय क्रमांक एक

मॉक्युमेंटरी म्हणजे माहितीपटाचे रूप घेऊन सांगितलेली कल्पित गोष्ट. तिच्यात कॅमेरा लपलेला नसतो. तो समोर आहे हे पात्रांना ठाऊक असते, आणि घटनेच्या मधूनमधून एकेक पात्र एकटे बसून कॅमेऱ्याशी बोलते. 2001 साली ब्रिटनमध्ये दाखवल्या गेलेल्या ‘द ऑफिस’ या मालिकेने ही रीत एका साध्या कचेरीत आणली आणि रोजच्या कंटाळवाण्या कामातही नाट्य असते हे दाखवून दिले. गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारी समितीची सभा या रीतीला फार मानवते, कारण त्या सभेत प्रत्येक जण दोन भाषा बोलतो: एक इतिवृत्तात लिहिली जाणारी, आणि दुसरी जिन्यात उतरताना बोलली जाणारी.

लांबलेली सभा पटकथेत लांबलचक लिहून चालत नाही. दहा मिनिटांच्या पटकथेत तीन तास दाखवायचे, तर एकच विषय पुन्हा पुन्हा परत यावा लागतो, आणि तो परत येण्याचे कारण खरे असावे लागते. हे कारण बहुधा विषयपत्रिकेच्या पहिल्याच ओळीत सापडते, आणि ती ओळ म्हणजे ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. इतिवृत्त कायम करणे म्हणजे मागच्या सभेत जे ठरले त्याची नोंद बरोबर झाली आहे एवढीच खात्री करणे; ठरलेली गोष्ट पुन्हा उकरून काढण्यास तेथे वाव नसतो. प्रत्यक्षात मात्र सभा तेथेच अडते, कारण ज्याला निर्णय मान्य नसतो त्याला नोंदही चुकीची वाटते.

उदाहरणादाखल अशी एक पटकथा कल्पावी. रात्रीचे नऊ वाजले आहेत. स्टिल्टमधल्या कार्यालयात प्लास्टिकच्या सात खुर्च्या आणि थर्मासमधला चहा आहे. 202 च्या न्हाणीघराच्या छताला ओल आली आहे आणि वर 302 आहे. दोन्ही घरांचे सभासद समितीवरही आहेत. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नियमांप्रमाणे, बाहेरच्या सामाईक नळाची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते, तर घरातल्या संडास-न्हाणीघराची गळती ज्याची त्याने. तेव्हा खर्च कोणाचा हा प्रश्न कारण कळल्याखेरीज सुटत नाही, आणि कारण कळण्याचा उपाय सोपा आहे: 302 च्या नहाणीची जाळी बंद करून फरशीवर दोनेक इंच पाणी चोवीस तास साठवून ठेवायचे. खाली ओल वाढली तर वरच्या फरशीचे वॉटरप्रूफिंग गेले आहे असे समजावे. वाढली नाही तर बाहेरचा नळ तपासावा.

सभेत सगळे पैशांवर बोलतात. एक जण कंत्राटदाराची तीन कोटेशने मागतो, दुसरा सिंकिंग फंडाला हात लावू नका म्हणतो (हा निधी मोठ्या दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षे साठवलेला असतो), आणि घड्याळ साडेदहा दाखवते. पाण्याच्या चाचणीचे नाव निघाले की 302 चे गृहस्थ म्हणतात, “आधी मागचं इतिवृत्त दुरुस्त करा. मी चाचणीला हो म्हटलंच नव्हतं.” सेक्रेटरी पुन्हा वही उघडतात.

या ठिकाणी मुलाखत घालावी. तेच गृहस्थ जिन्याखाली, सायकलींच्या बाजूला, कॅमेऱ्याकडे न पाहता सांगतात: “एक दिवस न्हाणीघर बंद ठेवायचं म्हणजे आईला कुठं न्यायचं? तिला खाटेवरून उतरवायलाच दोघं लागतात. हे सगळ्यांसमोर कसं सांगू?” हे एकदा कळले की मघापासून हटवादी वाटणारा माणूस प्रेक्षकाला वेगळा दिसू लागतो, आणि सभा कायद्याच्या गुंत्याने लांबलेली नसून एक वाक्य उच्चारता न आल्याने लांबली आहे हे उमगते. मुलाखतीचे खरे काम हेच होय. नुसता विनोद साधण्यासाठी ती वापरली तर हे रूप वाया जाते.

बारा वाजता विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो. त्यानंतर 202 चे काका आपल्या दारात उभे राहून बोलतात: “घरात अडचण आहे असं म्हणाले असते, तर आठवडाभर थांबलो असतो. आमची ही तर त्यांच्या आईचं सगळं करायला गेली असती.” ही मुलाखत सभेच्या मध्यावर ठेवण्याचा मोह संकलकाला होतो, परंतु ती तेथे आली तर प्रेक्षक पुढचा सगळा वेळ तोडगा कधी निघतो याचीच वाट पाहत बसेल, आणि पुढच्या महिन्याच्या विषयपत्रिकेवर पुन्हा पहिल्या क्रमांकाला येणाऱ्या त्याच ओळीचे वजन त्याला जाणवणार नाही.