जिनच्या छपराखालचे तास

१८ सप्टेंबर, अंजनगाव सुर्जी

जिन अजून बंद आहे. रोलर उतरवून झाले, प्रेसचं तेल बदलायचं बाकी आहे. अशा सवडीच्या दिवसांत दिव्यांचा विक्रेता येऊन गेला आणि दरपत्रकासोबत बचतीचा एक तक्ताही ठेवून गेला. आवारातले, जिनघरातले, गोदामातले असे सगळे मिळून चाळीस जुने दिवे काढायचे, शंभर वॅटचे एलईडी बसवायचे आणि आठ महिन्यांत पैसे वसूल, असं त्यात लिहिलं आहे. शेठजींनी कागद माझ्याकडे सरकवला, "पाहा बरं, हे खरं हाये का?"

तक्त्यात प्रत्येक दिवा रोज सोळा तास आणि वर्षाचे ३६५ दिवस जळतो असं धरलं आहे. वर्षभर चालणाऱ्या कारखान्यात तसं असेलही. आमचा धंदा कापसाचा आहे. दिवाळीच्या आगेमागे दर्यापूर-अकोटकडून गाड्या यायला लागतात, एप्रिलपर्यंत गंज्या संपतात आणि मग जिनघराला कुलूप लागतं. जो दिवा जळतच नाही, तो वीज वाचवणार कुठून? म्हणून दिव्याच्या किमतीआधी त्याचे तास मोजायचे ठरवलं.

२१ सप्टेंबर

मागच्या हंगामांची पाळीबुकं काढून बसलो. दिव्यांचे तीन गट स्वच्छ वेगळे पडले.

आवारातले आठ सोडियमचे दिवे रखवालीसाठी बारा महिने रात्रभर जळतात, म्हणजे वर्षाला सुमारे चार हजार तास. जिनघरातल्या वीस मेटल हॅलाइड दिव्यांचा हंगाम दीडशे दिवसांचा. दोन पाळ्या आणि आतला अंधार धरून रोज चौदा तास, म्हणजे एकवीसशे तास. गोदामातले बारा दिवे गाठी लावताना आणि ट्रक भरताना तेवढे लागतात. दिवसाला दोन तासांच्या हिशोबाने ते तीनशे तासांवर जात नाहीत.

दिवे सारख्याच वॅटचे, कारखानाही एकच, पण तासांत तेरापट फरक. तिन्ही गटांचा हिशोब एकाच रकान्यात मांडला की आवारातल्या दिव्यांचा नफा गोदामातला तोटा झाकून टाकतो. विक्रेत्याच्या तक्त्यात नेमकं तेच झालं आहे.

२४ सप्टेंबर

आज वायरमनदादांना घेऊन जुना दिवा प्रत्यक्ष किती खातो ते मोजलं. दिव्यावर २५० वॅट छापलेलं असतं, पण त्याच्यासोबतचा चोकही वीज खातो. दादांनी तारेला क्लॅम्प लावला. २३५ व्होल्टवर २.२ अँपिअर आले. गुणाकार पाचशेच्या वर गेला तसे ते म्हणाले, "पाहा भाऊ, दुप्पट खाते हा!"

इथेच बचतीचा आकडा फुगतो. त्या फिटिंगचा कपॅसिटर कधीच मेला होता, त्यामुळे पॉवर फॅक्टर निम्म्यावर आला होता. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे खरे वॅट नव्हेत. वॅट दाखवणाऱ्या मीटरवर तोच दिवा २७५ दाखवत होता, म्हणजे २५० दिव्याचे आणि २५ चोकचे. जास्तीच्या अँपिअरची भरपाई मुख्य पॅनेलवरची कपॅसिटर बँक करते, बिलात ते वेगळे दिसत नाहीत. म्हणून शंभर वॅटचा एलईडी लावल्यावर प्रत्येक दिव्यामागे बचत १७५ वॅटची, त्याहून जास्त नाही.

दरही तसाच नीट पाहावा लागला. पूर्ण बिलाला युनिटांनी भागलं की दर मोठा दिसतो, पण मागणी आकार दिवे बदलल्याने फारसा कमी होत नाही. तो मुख्यतः प्रेस आणि जिनच्या मोटारींवर ठरतो. युनिटसोबत कमी-जास्त होणारा भाग तेवढा उचलला आणि हिशोबाला युनिटमागे ९ रुपये धरले.

२८ सप्टेंबर

दिवे बदलण्याच्या खर्चाकडे वळलो. स्टोअरच्या वहीत जिनघरासाठी हंगामाला सरासरी पाच मेटल दिवे गेलेले दिसतात. चोक-इग्निटरचा वाटा धरून दिव्यामागे ९०० रुपये, म्हणजे साडेचार हजार. उंच शिडी आणि वर चढणारा माणूस बाहेरून आणावा लागतो, त्याचे दीड हजार. वर्षाला सहा हजार झाले. वायरमनदादांची पगारी वेळ यात धरली नाही. दिवे बदलले नाहीत म्हणून त्यांचा पगार वाचत नाही. हातातून खरोखर जाणारा आणि एलईडीमुळे खरोखर थांबणारा पैसा तेवढाच बचतीत घ्यायचा.

एलईडीही अमर नसतो. पाकिटावर पन्नास हजार तास लिहिलेले असतात, पण ते आतल्या चिपांचं आयुष्य. छपराखालची गरमी, रुईचा भुगा आणि रात्री चढणारा दाब यांत आधी जातो तो ड्रायव्हर. म्हणून दिव्याचं आयुष्य आठच वर्षं धरलं आणि पाचव्या वर्षी चार ड्रायव्हर बदलायला ४,८०० रुपये खर्चाच्या बाजूला लिहून टाकले.

२ ऑक्टोबर

जिनघराचा हिशोब पूर्ण झाला. आज ओतायचे एक लाख, म्हणजे वीस दिवे, बसवण्यासह पाच हजारांना एक. एका दिव्याची वर्षाची वीजबचत ३६७.५ युनिट, विसांची ७,३५० युनिट, म्हणजे ६६,१५० रुपये.

आठ वर्षांची बचत नुसती बेरीज करून चालत नाही. हे लाख रुपये दिव्यांत घातले नाहीत तर हंगामात त्यांचा कापूस घेता येतो आणि बँकेच्या कॅश क्रेडिटवरचं तेवढं व्याज टळतं. व्याज आणि थोडी जोखीम धरून १२ टक्के घेतले. त्या दराने पहिल्या वर्षअखेरचे ६६,१५० आज ५९,०६३ रुपयांचे ठरतात आणि आठव्या वर्षाचे तेवढेच रुपये आज २६,७१७ चे. अशी आठही वर्षं आजच्या पैशात आणून जमवली की वीजबचत ३,२८,६०० भरते. दिवे न बदलण्याची बचत २९,८००. त्यातून ड्रायव्हरचे आजच्या मोलाचे २,७०० आणि गुंतवलेला लाख वजा केला. निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, सुमारे २,५५,७०० रुपये शिल्लक.

बोंडअळी आली, पाऊस लांबला आणि हंगाम दरवर्षी निम्म्यावर आला तर? तोही हिशोब मांडला. तरीही ७६,५०० रुपये शिल्लक राहतात. विजेचा दर वाढेल असं मी कुठेच धरलेलं नाही. आवारातल्या दिव्यांवर फार कागद खर्च करावा लागला नाही. ४४ हजारांच्या खर्चावर वर्षाला ५०,४०० ची वीज वाचते, एनपीव्ही दोन लाखांच्या वर जातो.

५ ऑक्टोबर

गोदामाचा आकडा उणे आला. बारा दिव्यांचे साठ हजार, वर्षाची वीजबचत जेमतेम ५,६७० आणि दिवा बदलण्याची गरज दोन वर्षांतून एकदा. आजच्या मोलात सगळं मिळून तीस हजार चारशे हाती येतात. एनपीव्ही उणे २९,६००.

मग उलटं विचारलं की पाच हजारांचा दिवा किती तास जळला म्हणजे बरोबरीत येतो? उत्तर वर्षाला सुमारे सहाशे तास. आमच्या दरात आणि आमच्या किमतीत त्याच्या वर जो दिवा जातो तो बदलावा, खाली राहतो तो आहे तसा चालवावा. शेठजींना हा एक आकडा साऱ्या तक्त्यापेक्षा जास्त पटला.

पण गोदामातले चार दिवे थेट रुईच्या गाठींवर आहेत. मेटल हॅलाइडची आतली नळी आयुष्याच्या शेवटी कधी कधी फुटते आणि तापलेले तुकडे खाली पडतात. खाली रुई असताना तेवढी ठिणगी पुरे. आगीचा धोका मी हिशोबात रुपयांत घालू शकत नाही, पण ते चार दिवे बदलायला किती मोजावे लागतील हे हिशोब सांगतो. एकूण तुटीचा तिसरा हिस्सा, म्हणजे दहा हजारांच्या आत. शेठजी लगेच म्हणाले, "ते चार पयले बदला." मलाही तेच हवं होतं.

९ नोव्हेंबर

कापूस सुरू झाला. पूर्ण मागणी देण्याआधी कापूस चारायच्या बाजूला दोन एलईडी बसवून ठेवले होते. त्यांच्याखाली लक्स मीटरवर १६० आले, शेजारच्या जुन्या दिव्याखाली १०५. शंभर वॅटात उजेड कमी पडेल ही भीती गेली.

तिथे कापसातली काडी, सुतळी आणि पॉलिथिनचे तुकडे वेचणाऱ्या मावशींना विचारलं. एक म्हणाल्या, "आता सुतळी दिसते बरं, पण वर पायलं का डोये दिपते." म्हणून पुढच्या दिव्यांना धुरकट झाकण मागायचं ठरवलं. फिरत्या रोलरवर उजेड थरथरतो का, तेही मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं. विक्रेत्याने आणलेल्या दुसऱ्या, स्वस्त नमुन्यात पडद्यावर काळे पट्टे सरकताना स्पष्ट दिसत होते. अशा उजेडात फिरतं यंत्र थांबल्यासारखं भासू शकतं आणि एखादा हात पुढे जातो. तो नमुना परत केला.

संध्याकाळी वीज गेली आणि दोनच मिनिटांत आली. नवे दोन दिवे क्षणात लागले. जुने मेटलचे दिवे गरम असताना पुन्हा पेटत नाहीत, त्यांना निवायला वेळ लागतो. दहा-बारा मिनिटं बाकीचं जिनघर काळोखात उभं होतं. "अंधारात मशीनले कापूस कसा चारू?" चारणारा मुलगा विचारत होता. ही बुडालेली मिनिटं मी एनपीव्हीत धरलेली नाहीत. त्यांच्याशिवायच आकडा भरभक्कम आहे.

२० नोव्हेंबर

आज मागणीपत्र गेलं. जिनघरातले वीस, आवारातले आठ आणि गाठींवरचे चार असे बत्तीस दिवे. धूळ आत न जाणारी आयपी ६५ ची बांधणी, १० किलोव्होल्टचं सर्ज संरक्षण आणि ड्रायव्हरसह पाच वर्षांची लेखी हमी. पावसाळ्याआधीच्या विजांत आमच्या फीडरवर काय काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे. चार ड्रायव्हर पाचव्या वर्षाऐवजी दुसऱ्याच वर्षी गेले तर हिशोबाला धक्का लागत नाही, पण वीसही दिवे तिसऱ्या वर्षी गेले तर नफ्याचा मोठा भाग जातो. म्हणून स्वस्त दिव्यापेक्षा हमी जास्त मोलाची.

जिनघरातून निघालेले चांगले मेटल दिवे आणि चोक गोदामाच्या उरलेल्या आठ दिव्यांसाठी जपून ठेवायचे, म्हणजे तिथे बरीच वर्षं नवा दिवा विकत घ्यायला नको. मेलेल्या दिव्यांत पारा असतो. ते भंगारवाल्याच्या पोत्यात न टाकता वेगळ्या खोक्यात ठेवून ई-कचऱ्याच्या परवानाधारकाकडे द्यायचे, असं वायरमनदादांना लिहून दिलं.

जिनघराच्या दिव्यांच्या फेजवर वेगळा मीटर बसवून घेतला. एप्रिलमध्ये हंगाम उठला की त्यावरचे युनिट जुन्या दिव्यांच्या तेवढ्याच दिवसांच्या हिशोबी वापरातून वजा करायचे आणि उरलेली बचत ७,३५० च्या त्या दिवसांपुरत्या वाट्याशी ताडून पाहायची. फरक दहा टक्क्यांच्या वर निघाला तर तास चुकले की वॅट, हे शोधूनच गोदामाच्या उरलेल्या दिव्यांचा विषय पुन्हा काढायचा.